स्वल्पविराम आणि व्यवच्छेद : मराठी विशेषणवाक्याच्या एका प्रश्नासंबंधी

इंग्रजीच्या अध्यापनात एक नियम वर्षानुवर्षे सांगितला जातो. नामानंतर येणाऱ्या 'विच', 'हू' किंवा 'दॅट' या शब्दांनी सुरू झालेल्या विशेषणवाक्याच्या दोन्ही बाजूंस स्वल्पविराम असतील, तर ते वाक्य नामाविषयी केवळ अधिक माहिती देते. स्वल्पविराम नसतील, तर ते त्या नामाची व्याप्ती मर्यादित करते. नियम खरा आहे, आणि इंग्रजीपुरता तो उपयुक्तही आहे. परंतु इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारा विद्यार्थी, आणि प्रसंगी त्याला शिकविणारा अध्यापकही, हाच नियम मराठी वाक्याला लावू पाहतो. तेथे तो फसतो. तो का फसतो आणि मराठीत हा निर्णय कशाच्या आधारे करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होते, तेथे ऐन परीक्षेच्या काळात भीमेला पूर आला. दौंड हे भीमेच्या काठचे गाव. नदी ओलांडली की श्रीगोंदे तालुका लागतो, आणि त्या बाजूच्या गावांतून बरीच मुले शिकण्यासाठी अलीकडे येतात. वरच्या अंगाला मुळा-मुठेचे पाणी भीमेला येऊन मिळत असल्याने, दौंडला पाऊस नसतानाही पाणी चढते. एका पेपरच्या दिवशी पलीकडच्या पुष्कळ मुलांना येता आले नाही. त्यांची परीक्षा पुन्हा घेण्याविषयीचा आदेश इंग्रजीत आला. सूचनाफलकासाठी त्याचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले :

'भीमेपलीकडील गावांतील विद्यार्थ्यांना, जे पुरामुळे केंद्रावर पोहोचू शकले नाहीत, ही परीक्षा पुन्हा द्यावी लागेल.'

मूळ इंग्रजी वाक्यात 'स्टुडंट्स' या शब्दानंतर स्वल्पविराम नव्हता. पोटवाक्य कोठे संपते हे दिसावे, म्हणून मी मराठीत दोन स्वल्पविराम घातले. मराठीत तसे घालण्याची आपल्याला सवयच असते. कार्यालयातील लिपिकाने सूचना वाचून पलीकडच्या गावांतील सर्व विद्यार्थ्यांची यादी केली, आणि आधी झालेल्या पेपरच्या त्यांच्या उत्तरपत्रिका बाजूला काढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. "मॅडम, मी तर मामाकडे दौंडातच राहिले होते. पेपर दिलाय मी. मग मी पुन्हा का द्यायचा?" तिच्यासारखी आणखीही काही मुले होती, कोणी आदल्या दिवशीच रेल्वेने आले होते, कोणी नातेवाइकांकडे मुक्कामाला होते. लिपिकाचे काही चुकले नव्हते. त्याने वाक्य जसे होते तसे वाचले. त्या वाक्यानुसार भीमेपलीकडच्या गावांतील कोणीच विद्यार्थी केंद्रावर पोहोचलेला नव्हता.

त्याच दिवशी सूचना पुन्हा लिहिली ती अशी :

'भीमेपलीकडील गावांतील जे विद्यार्थी पुरामुळे केंद्रावर पोहोचू शकले नाहीत, त्यांना ही परीक्षा पुन्हा द्यावी लागेल.'

या दुसऱ्या वाक्याकडे बारकाईने पाहावे. स्वल्पविराम येथेही आहे. तरीही हे वाक्य निःसंदिग्धपणे व्यवच्छेदक आहे. म्हणजे पलीकडच्या सर्व विद्यार्थ्यांतून एका गटाला ते वेगळे काढते. पहिले वाक्य स्वरूपदर्शक होते. सर्व विद्यार्थ्यांविषयी ते एक विधान करीत होते. दोहोंतील भेद चिन्हाने घडविलेला नाही. 'जे' नामाच्या आधी आले आणि 'त्यांना' हे दर्शक सर्वनाम वाक्यात आले, एवढ्यानेच अर्थ फिरला.

इंग्रजीत हे काम स्वल्पविरामावर का पडले, हे थोडक्यात पाहणे योग्य होईल. तेथे विशेषणवाक्य सामान्यतः नामाच्या नंतरच येते आणि मुख्य वाक्यात त्याचा परामर्श घेणारे सर्वनाम येत नाही. मर्यादा घालणारे आणि न घालणारे, ही दोन्ही वाक्ये एकाच जागी, एकाच क्रमाने येतात. बोलताना भेद सुरावरून कळतो. लेखनात सूर नसल्याने चिन्ह हवे. फाउलर यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात, मर्यादा घालणाऱ्या वाक्याला 'दॅट' आणि दुसऱ्या प्रकाराला 'विच' अशी वाटणी सुचविली होती. ती सूचना अमेरिकेत बऱ्याच संपादकांनी नियमासारखी पाळली. ब्रिटिश लेखनात मात्र मर्यादा घालणारे 'विच' सर्रास आढळते. त्यामुळे 'विच' दिसताच वाक्य स्वरूपदर्शक मानणे ही इंग्रजी वाचतानाही चूकच. 'दॅट'पूर्वी असा स्वल्पविराम प्रमाण लेखनात सहसा येत नाही, एवढे खरे. 'विच' आणि 'हू' यांच्याबाबत मात्र चिन्हच पाहावे लागते.

मराठीची घडण निराळी आहे. आपली बखरीची, पत्रव्यवहाराची आणि दप्तराची मोडी लिखाणे पाहिली, तर त्यांत आजच्या अर्थाने विरामचिन्हे नाहीत. पुष्कळदा शब्दही तोडून लिहिलेले नसतात. इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हे मराठीत रुजविण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची विरामचिन्हांविषयीची पुस्तिका १८५० ची. म्हणजे 'जो–तो' ची रचना स्वल्पविरामाहून कितीतरी जुनी आहे, आणि चिन्हाच्या साहाय्याशिवाय तिने आपले काम शतकानुशतके केले आहे. 'जो' पोटवाक्य उघडतो, 'तो' ते मिटवून मुख्य वाक्य सुरू करतो. मर्यादा घालण्याचे काम या जोडीतच आहे.

पुढे स्वल्पविराम आला तेव्हा तो या जोडीच्या सांध्यावर जाऊन बसला. 'जो अभ्यास करील, तो उत्तीर्ण होईल' या साध्या वाक्यात तो कशासाठी आहे? एक क्रियापद संपले, श्वास घ्या, आता दुसरे वाक्य सुरू होते, एवढेच तो सांगतो. शालेय व्याकरणातही मिश्रवाक्यातील गौणवाक्य संपल्यावर स्वल्पविराम द्यावा असेच शिकविले जाते. ते गौणवाक्य मर्यादा घालते की नाही, याचा तेथे विचारच नसतो. तात्पर्य, मराठीतील हा स्वल्पविराम रचनेची हद्द दाखवितो, अर्थाची नाही. तो काढून टाकला तरी वाक्याचा अर्थ जसाच्या तसा राहतो. इंग्रजीतील स्वल्पविराम काढला तर अर्थ बदलतो. दोन्हींची आकृती एक असली तरी ही दोन चिन्हे एक नव्हेत.

आपल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील एक ठरावीक चूकही याच ठिकाणी उगम पावते. 'जी गावे काठावर होती, ती बुडाली' याचे इंग्रजी करताना विद्यार्थी 'विच' पूर्वी स्वल्पविराम देत नाही, पण पोटवाक्याच्या शेवटी, मुख्य क्रियापदाच्या अगोदर, एकच स्वल्पविराम देतो. इंग्रजी वाचकाला तो एकाकी स्वल्पविराम अनाकलनीय वाटतो. कारण स्वरूपदर्शक म्हणावे तर पहिला नाही, व्यवच्छेदक म्हणावे तर दुसरा का? तो मराठी सांध्यावरचा स्वल्पविराम आहे, हे लक्षात घेतले की चूक सुधारणे सोपे जाते. माझा अनुभव असा, की नुसता नियम सांगून ही चूक जात नाही; 'येथे तुझा "ती" गेला, म्हणून त्याच्याबरोबर स्वल्पविरामही गेला पाहिजे' असे सांगितले की जाते.

मग मराठी वाक्य व्यवच्छेदक आहे की नाही, हे कसे ठरवावे? प्रथम पोटवाक्याची जागा पाहावी. 'जो' नामाच्या आधी आणि 'तो' मुख्य वाक्याच्या आरंभी असेल, तर वाक्य बहुधा व्यवच्छेदकच असते, स्वल्पविराम असो वा नसो. नाम आधी आणि पोटवाक्य नंतर असेल, तर नामाच्या मागे 'तो', 'असा' यांसारखा दर्शक शब्द आहे काय हे पाहावे. 'ती गावे, जी काठावर आहेत' किंवा 'अशी गावे, की जी काठावर आहेत' यांत तो आहे. म्हणून दोन्ही व्यवच्छेदक. 'भीमेकाठची गावे, जी सखल भागात आहेत, दरवर्षी पाण्याखाली जातात' यात तो नाही. येथे वाक्य स्वरूपदर्शक ठरते, आणि दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम येथे खरोखरच इंग्रजीसारखे काम करतात. ही रचना मराठीत इंग्रजीच्या सहवासाने विशेष वाढली असावी, असे मला वाटते. बोलणारा माणूस 'भीमेकाठची गावे सखल भागात आहेत, आणि ती दरवर्षी पाण्याखाली जातात' असेच म्हणतो. स्वरूपदर्शक माहिती 'आणि', 'तर', 'म्हणून' यांनी जोडावी, ही मराठीची जुनी चाल आहे.

जागेवरून निर्णय होत नसेल, तेव्हा मराठीतच असलेली एक कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते. दर्शक सर्वनामाला 'च' जोडून पाहावे. 'जे विद्यार्थी पोहोचू शकले नाहीत, त्यांनाच परीक्षा पुन्हा द्यावी लागेल' असे केल्याने अर्थ बदलला नाही, तो नुसता धारदार झाला. याउलट, 'भीमेकाठची गावे, जी सखल भागात आहेत, तीच दरवर्षी पाण्याखाली जातात' असे म्हणताच वाक्य वेगळेच होते. आता भीमेकाठी उंचावरची गावेही आहेत आणि ती बुडत नाहीत, असा अर्थ निघू लागतो. 'च' लावून अर्थ टिकला तर वाक्य व्यवच्छेदक, बदलला तर स्वरूपदर्शक. या कसोटीच्या मुळाशी असलेले तत्त्व नवीन नाही. विशेषण सार्थ केव्हा होते, याविषयी मीमांसकांत एक नियम प्रचलित आहे : विशेष्याच्या ठिकाणी तो धर्म संभवला पाहिजे, आणि काही विशेष्यांच्या ठिकाणी तो नसलाही पाहिजे. सर्वच गावे काठावर असतील तर 'काठावरची' हे विशेषण कोणालाच वगळत नाही. अशा विशेषणाला संस्कृत टीकाकार 'स्वरूपकथन' म्हणतात. प्रस्तुत लेखात वापरलेली 'स्वरूपदर्शक' ही संज्ञा तेथूनच सुचलेली आहे.

'प्रत्येक', 'कोणताही', 'एकही' हे शब्द नामामागे असतील तर मात्र कसोटी लावण्याचेही कारण नाही. 'एकही गाव, जे काठावर आहे, पुरातून सुटले नाही' या वाक्यात दोन्ही बाजूंस स्वल्पविराम आहेत. तरी काठावरच्या गावांपुरतेच ते बोलते. 'एकही गाव' हा कोणत्याही ठरावीक गावाचा निर्देश नसल्याने त्याविषयी जादा माहिती देताच येत नाही. अशा वाक्यातील स्वल्पविराम काढावेत हे बरे. ते दिशाभूल करतात.

विशेषनामांची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. विशेषनाम एकाच वस्तूचा निर्देश करते, म्हणून त्याला जोडलेले विशेषणवाक्य स्वरूपदर्शकच असणार, असे पुस्तकांतून सांगितले जाते. 'घोड नदी, जी शिरूरजवळून वाहते, पुढे भीमेला मिळते' हे वाक्य त्याप्रमाणेच आहे. शिरूरला लोक घोडनदी याच नावाने ओळखतात, तेव्हा त्या वाक्यातील माहिती तेथील वाचकाला जादाचीच वाटेल. परंतु याच तालुक्यात या नियमाचा अपवादही आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावे दोन. एक रांजणगाव गणपती, पुणे–नगर रस्त्यावरचे, अष्टविनायकांपैकी एक. दुसरे रांजणगाव सांडस, मुळा-मुठा जेथे भीमेला मिळते त्या बाजूचे. तेव्हा 'जे रांजणगाव नदीकाठी आहे, ते' असे म्हणणारा माणूस विशेषनामाची व्याप्ती खरोखरच मर्यादित करीत असतो. येथे 'जे' नामाआधी येणे योग्य आहे, आणि 'रांजणगाव, जे नदीकाठी आहे, तेथे गणपतीचे प्रसिद्ध मंदिर आहे' असे लिहिणारा वाचकाला चुकीच्या गावी पाठवील. नाम विशेष की सामान्य, हा निर्णय व्याकरणाच्या पुस्तकातून होत नाही. त्या नावाच्या किती वस्तू वाचकाला ठाऊक आहेत, यावर तो अवलंबून असतो.

आणखी एक अपवाद नोंदविला पाहिजे, नाहीतर वरील कसोट्या वक्तृत्वपूर्ण गद्यात विद्यार्थ्याला गोंधळात टाकतील. 'ज्या महाराष्ट्राने स्त्रीशिक्षणाचा पाया घातला, त्या महाराष्ट्रात आज ही अवस्था आहे' अशी वाक्ये आपल्या भाषणांत आणि अग्रलेखांत विपुल असतात. महाराष्ट्र एकच. तरीही 'ज्या–त्या' ची जोडी आहे, आणि 'च' देखील खुशाल लागतो : 'त्याच महाराष्ट्रात'. येथे वक्ता दुसरा महाराष्ट्र वगळीत नाही. एकाच महाराष्ट्राची दोन रूपे समोरासमोर ठेवतो. 'पाया घातला असूनही' हा विरोधाचा अर्थ पोटवाक्याला आलेला आहे. कीर्तनातही भक्तासाठी विटेवर उभा राहिलेल्या देवाचा उल्लेख याच घाटाने होतो. अशा वेळी नाम दोन्ही वाक्यांत पुनरुक्त होते, ही त्याची खूण. सूचनेच्या किंवा नियमांच्या गद्यात ही रचना वापरू नये.

आतापर्यंत विचार केला तो 'जो–तो' चा. मराठीत विशेषणवाक्याचे काम करणारी याहूनही अधिक वापरातली रचना धातुसाधित विशेषणांची आहे : 'पोहोचू न शकलेले', 'ऊस पिकविणारे', 'काठावर वसलेले'. तीत 'जो' नाही, 'तो' नाही, आणि स्वल्पविरामालाही सामान्यतः जागा नाही. भाषांतरकार इंग्रजी विशेषणवाक्य पाहताच हिच्याकडे वळतो, कारण ती आटोपशीर आहे. पण नेमका अर्थ हवा असेल तेथे हिच्यापासून सावध राहावे लागते.

दौंड तालुक्याला परिचित असे एक उदाहरण घेऊ. 'ऊस पिकविणाऱ्या दौंड तालुक्यातील शेतकऱ्यांना हे अनुदान मिळणार नाही.' वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिले की तीन उत्तरे येतात. तालुक्यातील जे शेतकरी ऊस पिकवितात, त्यांनाच मिळणार नाही, असे काही म्हणतात. तालुक्यातील शेतकरी ऊसच पिकवितात, म्हणून कोणालाच मिळणार नाही, असे दुसरे म्हणतात. तिसरे म्हणतात की ऊस पिकविणारा तो तालुका. शेतकऱ्याच्या शेतात ज्वारी असली तरी तो वगळला जाणार. 'ऊस पिकविणाऱ्या' नंतर स्वल्पविराम दिला तर तिसरा अर्थ मागे पडतो. विशेषण तालुक्याला चिकटत नाही. म्हणजे चिन्हाचा येथे उपयोग झाला, पण तो विशेषण कोणाचे हे सांगण्यापुरता. ते विशेषण मर्यादा घालते की नाही, हे अजूनही ठरलेले नाही. शब्दक्रम बदलून 'दौंड तालुक्यातील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना' असे केले, की पहिला अर्थ बळावतो; कारण नामाला सर्वांत जवळचे विशेषण निवड करणारे आहे असे आपण ऐकतो. तरी बळावतो एवढेच. पैशाचा प्रश्न असेल तेथे 'दौंड तालुक्यातील जे शेतकरी ऊस पिकवितात, त्यांना' एवढे लांब लिहिण्याला पर्याय नाही. नामामागे 'हा', 'हे' असा निकटदर्शक आला, जसे 'काठावर वसलेली ही गावे', तर वाक्य बहुतेक नेहमी स्वरूपदर्शक असते. कोणती गावे, हे 'ही' ने आधीच ठरविलेले असते.

धातुसाधितांची ही संदिग्धता सर्वत्र दोषच मानावी काय? याचे उत्तर देताना मला दौंड तालुक्यातील केडगावची आठवण होते. (केडगावेही दोन आहेत, दुसरे अहिल्यानगर शहरालगतचे. मी म्हणते ते, जेथे मुक्ती मिशन आहे ते.) पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे येथे हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रियांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. हे काम करताना त्यांच्यापुढे ग्रीक संहितेतील एक प्रसिद्ध स्थळ आलेच असणार : थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील चौदावे आणि पंधरावे वचन.

तेथे पौल यहूदी लोकांचा उल्लेख करतो आणि त्यांना लगेच एक विशेषण जोडतो : प्रभू येशूला मारणारे. ग्रीकमध्ये हे विशेषण उपपदासह आलेल्या धातुसाधिताच्या रूपात आहे. आपल्या '-णारे' किंवा '-लेले' याचा तो सख्खा भाऊच. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसत. पुढे मुद्रित ग्रीक आवृत्त्यांत आणि बहुतेक इंग्रजी भाषांतरांत 'यहूदी' या शब्दानंतर स्वल्पविराम किंवा त्याहूनही मोठे चिन्ह आले. परिणामी विशेषण स्वरूपदर्शक बनले, आणि एका संपूर्ण लोकसमूहावर हत्येचा आरोप वाक्यरचनेनेच ठेवला गेला. १९८९ मध्ये फ्रँक गिलियार्ड या अभ्यासकाने या स्वल्पविरामावर स्वतंत्र लेख लिहिला. ग्रीक रचनेत हे विशेषण व्यवच्छेदक आहे, 'ज्या यहूद्यांनी मारले त्यांच्याकडून' एवढाच त्याचा अर्थ आहे आणि स्वल्पविराम तेथे नको, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्याने त्या चिन्हाला ज्यूद्वेषी स्वल्पविराम असे म्हटले. सर्वांना ते मान्य झाले असे नाही. पत्राचा पुढचा भाग इतका कठोर आहे, की पौलाच्या मनात मर्यादित गट होता काय, यावर मतभेद आहेत.

मराठी भाषांतरकारापुढे या स्थळी तीन वाटा आहेत. 'ज्या यहूद्यांनी प्रभूला मारले, त्यांच्याकडून' असे लिहिले तर तो गिलियार्डच्या बाजूला जातो. 'यहूद्यांकडून, त्यांनी तर प्रभूलाही मारले' असे लिहिले तर तो परंपरागत अर्थ स्वीकारतो. आणि 'प्रभूला मारणाऱ्या यहूद्यांकडून' असे लिहिले, तर ग्रीक संहितेने जो निर्णय वाचकावर सोडला आहे, तो तोही वाचकावरच सोडतो. इंग्रजीत विशेषणवाक्य लिहिणाऱ्याला ही तिसरी वाट जवळपास बंद आहे, कारण स्वल्पविराम द्यावा तरी लागतो किंवा गाळावा तरी लागतो, आणि दोन्हींनी पक्ष घेतला जातो. मराठीला ती उघडी आहे. मूळ संहिताच जेथे मौन बाळगते, तेथे धातुसाधित विशेषण हा दोष नसून प्रामाणिकपणा ठरतो. ज्यांना आवृत्त्यांचा अभ्यास करावयाचा आहे, त्यांनी रमाबाईंची आणि नंतरची मराठी भाषांतरे या एका वचनापुरती शेजारी ठेवून पाहावीत, आणि चिन्ह पाहण्याआधी 'जे', 'त्यांनी' आणि '-णारे' कोठे आहेत ते पाहावे.

सूचनाफलकावरच्या मजकुराला मात्र ही सवलत नाही. तेथे मूळ इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम आहे की नाही हे प्रथम तपासावे. तो आहे, पण संदर्भाशी जुळत नाही, असे दिसले तर आदेश काढणाऱ्याला विचारावे; इंग्रजी लिहिणारेही आपल्यासारखेच असतात आणि सांध्यावरचा मराठी स्वल्पविराम त्यांच्याही हातून पडतो. उत्तर मिळाल्यावर व्यवच्छेदक असेल तर 'जे' नामाआधी घ्यावे आणि 'त्यांना' लिहावे; स्वरूपदर्शक असेल तर सरळ दोन वाक्ये करावीत. त्या पुराच्या वेळी मी एवढे केले असते, तर ज्या मुलांनी पेपर दिला होता, त्यांच्या उत्तरपत्रिका दोन दिवस कपाटात पडून राहिल्या नसत्या.